घटक ५ : मतदारयादीच्या छायाचित्रित पानाचे वाचन आणि ओळीची अखंडता

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• मतदारयादीतील एक ओळ हे एक संपूर्ण विधान कसे असते, हे सांगता येईल.
• छायाचित्रावरून नावे उतरवताना ओळी कशा सरकतात, याची कारणे स्पष्ट करता येतील.
• मराठी नावाच्या रचनेचा उपयोग करून सरकलेली ओळ शोधता येईल.
• कोणती चूक कोणत्या पडताळणीने सापडते आणि कोणती सापडत नाही, हे ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण व्यक्तिनामांच्या अभ्यासाची सामान्य ओळख करून घेतली. नावांतील प्रत्यय, नावांची पिढीगत स्थित्यंतरे, आडनावांचे भौगोलिक वाटप यांचा अभ्यास करावयाचा, तर नावांचा मोठा आणि विश्वसनीय साठा हाताशी हवा. गावपातळीवर असा साठा मतदारयादीत मिळतो. तीत व्यक्तीचे नाव असते; त्याबरोबर वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, लिंग आणि वय हेही असते. सामाजिक भाषाविज्ञानाला ज्या गोष्टी हव्यात, त्यांतील बऱ्याच गोष्टी एकाच कागदावर सापडतात.

अडचण कागदाच्या स्वरूपात आहे. जुन्या याद्या बारीक टंकात, दाट स्तंभांत छापलेल्या असतात. मूळ प्रत घरी आणता येत नाही, म्हणून अभ्यासक तिचे छायाचित्र घेतो आणि नंतर सवडीने त्यावरून मजकूर उतरवतो. या प्रवासात अक्षरे चुकतात, हे कोणालाही पटेल. परंतु त्याहून गंभीर चूक वेगळीच असते. प्रत्येक नाव बरोबर, प्रत्येक आकडा बरोबर, आणि तरीही एकाचे वय दुसऱ्याच्या नावासमोर! या घटकात आपण केवळ या एकाच चुकीचा विचार करणार आहोत.

५.२ ओळ म्हणजे एक विधान

मतदारयादीचा तक्ता आपण व्याकरणाच्या दृष्टीने पाहू. ‘कदम लता अशोक, पती अशोक, स्त्री, २७’ ही ओळ वाचली की मनात एक वाक्य तयार होते : लता कदम नावाची स्त्री या घरात राहते, तिच्या पतीचे नाव अशोक आणि तिचे वय २७ वर्षे आहे. ओळीतील नाव हे या वाक्याचे उद्देश्य, आणि बाकीचे रकाने हे त्याचे विधेय. स्तंभाचे मथळे वाक्यातील जागा ठरवून देतात. त्या जागा भरल्या जातात त्या आडव्या ओळीतच.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. स्तंभ हा शब्दांचा संग्रह आहे, ओळ हे वाक्य आहे. वयाचा स्तंभ एकटा वाचला, तर तो फक्त आकड्यांची माळ असतो. त्यातून कोणाविषयीही काही सांगितले जात नाही. म्हणून स्तंभ अचूक उतरला तरी ओळ मोडली असेल, तर हाती उरते ती खोट्या विधानांची यादी. शब्द सगळे खरे, वाक्ये सगळी खोटी, अशी ही स्थिती असते.

मतदाराचे नाव आणि नातेवाइकाचे नाव हे दोन वेगळे रकाने आहेत, यामागेही इतिहास आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तर भारतात, अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्याऐवजी ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची मुलगी’ अशी नोंद करवली. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारू नयेत, अशी भूमिका घेतली. ज्यांची स्वतःची नावे मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून वगळाव्या लागल्या. स्वतःच्या नावाने स्वतःची एक ओळ असणे, ही बाब त्यानंतर पक्की झाली. आपण उतरवताना ओळ मोडतो, तेव्हा नेमकी हीच ओळख पुसतो.

५.३ ओळ सरकते कशी?

ओळ सरकण्याची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतात : छायाचित्रात, पानाच्या रचनेत आणि उतरवणाऱ्याच्या पद्धतीत.

(अ) छायाचित्रातील तिरपेपणा. समजा, छापील पानाची रुंदी १८० मिलिमीटर आहे आणि दोन ओळींमधील अंतर ४ मिलिमीटर. आता कॅमेरा केवळ सव्वा अंशाने तिरपा धरला गेला, तर पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाताना ओळ जवळजवळ ४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक ओळ, वर किंवा खाली जाते. सव्वा अंश डोळ्यांना जाणवतही नाही. डावीकडे अनुक्रमांक २१३ वाचून डोळा पडद्यावर सरळ आडवा उजवीकडे नेला, की तो २१२ किंवा २१४ च्या वयावर पोचतो. बांधीव यादीत शिवणीजवळ पान फुगते. तेथे ओळ तिरपी न राहता वाकते, आणि ही चूक पानाच्या एकाच बाजूला होते.

(आ) रचनेतील असमानता. एखादे लांब नाव रकान्यात मावत नाही आणि दोन ओळींत मोडते. मग त्या स्तंभात छापील ओळी जास्त आणि नोंदी कमी, अशी स्थिती होते. याउलट घर क्रमांकाच्या स्तंभात पहिल्या व्यक्तीपुढे आकडा आणि पुढील सर्वांपुढे ‘〃’ असे पुनरुक्तिचिन्ह किंवा कोरी जागा असते. उतरवणारा ही कोरी जागा वगळतो आणि खालचे सर्व आकडे वर चढतात.

(इ) उतरवण्याची पद्धत. वेळ वाचतो म्हणून बहुतेक नवशिके अभ्यासक उभे उतरवतात : आधी सगळी नावे, मग सगळ्या नातेवाइकांची नावे, मग सगळी वये. या पद्धतीत हात एका जागी राहतो, टंकलेखन वेगाने होते. पण एका ठिकाणी झालेली चूक तेथे थांबत नाही. एक नोंद गळाली, की तिच्या खालच्या प्रत्येक ओळीत चुकीची जोडी बसते. आडवे उतरवताना, म्हणजे एक ओळ पूर्ण करूनच दुसरीकडे जाताना, झालेली चूक बहुधा त्या ओळीपुरतीच राहते.

पाठचिकित्सेच्या घटकात आपण पाहिले होते, की हस्तलिखित उतरवणारा लेखक एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींपैकी पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. मतदारयादीत ही उडी पावलोपावली घडू शकते. कारण एकाच घरातील माणसांची आडनावे सारखी, भावांची मधली नावे सारखी, आणि नातेवाइकाच्या स्तंभात तेच नाव लागोपाठ दोनदा-तीनदा. डोळा कागदावरून वहीकडे जाऊन परत येतो, तेव्हा तो ‘शेवटी लिहिलेला शब्द’ शोधतो. तो शब्द दोन जागी असेल, तर तो बहुधा खालच्या जागी उतरतो.

५.४ एक उदाहरण : आठ ओळी

पुढील उतारा अभ्यासासाठी रचलेला आहे. त्यातील नावे काल्पनिक आहेत. रचना मात्र १९८९ नंतरच्या एखाद्या ग्रामीण भागाच्या यादीत दिसते तशी आहे. संबंधाच्या रकान्यात ‘व’ म्हणजे वडील आणि ‘प’ म्हणजे पती.

| अ.क्र. | घर क्र. | मतदाराचे नाव | संबंध | नातेवाईक | लिंग | वय |
|---|---|---|---|---|---|---|
| २११ | ४१ | कदम विठ्ठल रामा | व | रामा | पु | ५८ |
| २१२ | 〃 | कदम सोनाबाई विठ्ठल | प | विठ्ठल | स्त्री | ५२ |
| २१३ | 〃 | कदम अशोक विठ्ठल | व | विठ्ठल | पु | ३१ |
| २१४ | 〃 | कदम लता अशोक | प | अशोक | स्त्री | २७ |
| २१५ | 〃 | कदम दिलीप विठ्ठल | व | विठ्ठल | पु | २८ |
| २१६ | ४२ | सूर्यवंशी चंद्रभागाबाई ज्ञानदेव | प | ज्ञानदेव | स्त्री | ६३ |
| २१७ | 〃 | सूर्यवंशी शंकर ज्ञानदेव | व | ज्ञानदेव | पु | ४० |
| २१८ | 〃 | सूर्यवंशी कमल शंकर | प | शंकर | स्त्री | ३४ |

एका विद्यार्थिनीने हा तक्ता उभा उतरवला, असे समजा. नातेवाइकांच्या स्तंभात ‘विठ्ठल’ लागोपाठ दोनदा आले आहे. तिने ते एकदाच लिहिले. तिच्या वहीत पुढीलप्रमाणे जोड्या बसल्या :

| अ.क्र. | मतदाराचे नाव | संबंध | नातेवाईक |
|---|---|---|---|
| २११ | कदम विठ्ठल रामा | व | रामा |
| २१२ | कदम सोनाबाई विठ्ठल | प | विठ्ठल |
| २१३ | कदम अशोक विठ्ठल | व | अशोक |
| २१४ | कदम लता अशोक | प | विठ्ठल |
| २१५ | कदम दिलीप विठ्ठल | व | ज्ञानदेव |
| २१६ | सूर्यवंशी चंद्रभागाबाई ज्ञानदेव | प | ज्ञानदेव |
| २१७ | सूर्यवंशी शंकर ज्ञानदेव | व | शंकर |
| २१८ | सूर्यवंशी कमल शंकर | प | (कोरे) |

एक शब्द गळाल्याने काय झाले, ते पाहा. अशोक स्वतःचाच मुलगा ठरला. सून सासऱ्याची पत्नी झाली. दिलीप शेजारच्या घरी मुलगा म्हणून गेला. आणि २१६ ही ओळ मात्र बरोबर राहिली. कारण ‘ज्ञानदेव’ हे नावही लागोपाठ दोनदा होते, त्यामुळे एक ओळ सरकूनही तेथे तेच नाव आले. हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पडताळणीसाठी कोणी नेमकी २१६ ही एकच ओळ मूळ पानाशी ताडून पाहिली असती, तर सर्व काही ठीक आहे, असाच त्याचा समज झाला असता.

शेवटची जागा कोरी राहिल्याने चूक उघडी पडली असती, असे आपल्याला वाटेल. परंतु पुढच्या ओळींत कोठे एखादे लांब नाव दोन छापील ओळींत मोडले असते आणि तिने त्याच्या दोन नोंदी केल्या असत्या, तर एकूण संख्या पुन्हा जुळली असती. एक नोंद गळाली, एक वाढली. बेरीज बरोबर, मधले सर्व चुकीचे. म्हणून पानावरील नोंदींची संख्या जुळणे आवश्यक असले, तरी ते पुरेसे नसते.

५.५ मधल्या नावाची पडताळणी

मराठी नावाची रचना येथे आपल्या मदतीला येते. आपल्याकडे पूर्ण नावात आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव, असे तीन घटक असतात. यादीत हाच तिसरा घटक नातेवाइकाच्या रकान्यात पुन्हा येतो. म्हणजे एकच माहिती एका ओळीत दोनदा नोंदली जाते. लेखनिकाच्या दृष्टीने ही पुनरुक्ती. आपल्या दृष्टीने मात्र ती ओळीला घातलेली गाठ आहे. गाठ सुटली, की ओळ मोडली.

पडताळणी अशी करावी. उतरवलेल्या प्रत्येक ओळीत मतदाराच्या नावाचा तिसरा घटक आणि नातेवाइकाचे नाव शेजारीशेजारी ठेवून वाचावे. वरच्या तक्त्यात ही कसोटी लावू या. २११ मध्ये रामा–रामा, २१२ मध्ये विठ्ठल–विठ्ठल, दोन्ही जुळतात. २१३ मध्ये विठ्ठल–अशोक, जुळत नाही. २१४, २१५ आणि २१७ हीही जुळत नाहीत, २१६ जुळते, आणि २१८ कोरे आहे.

आता दुरुस्ती कोठे करायची? न जुळलेल्या ओळी एकेक करून दुरुस्त करू नयेत. पहिली न जुळणारी ओळ शोधावी; येथे ती २१३ आहे. चूक तेथे किंवा तिच्या लगेच वर आहे. छायाचित्रातील २१२ आणि २१३ या दोनच ओळी पाहिल्या, की गळालेला ‘विठ्ठल’ सापडतो. तो त्या जागी घातला, की खालचा संपूर्ण स्तंभ एक जागा खाली सरकतो आणि बाकीच्या ओळी आपोआप जागेवर येतात. एकाच वेळी अनेक ओळी बिघडलेल्या दिसल्या, तर कारण बहुधा एकच असते, हे या कामातले उपयुक्त सूत्र आहे. दुरुस्तीनंतर कसोटी पुन्हा पहिल्या ओळीपासून लावावी. दुसरी चूक पहिलीच्या आड दडलेली असू शकते.

या कसोटीच्या मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. काही ओळी मूळ यादीतच जुळत नाहीत. विवाहित स्त्रीच्या नावात पतीचे नाव आणि नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचे, असे असू शकते. एका जागी ‘पांडुरंग’ आणि दुसऱ्या जागी ‘पांडू’, किंवा एका जागी ‘ज्ञानदेव’ आणि दुसऱ्या जागी ‘ज्ञानू’, असेही आढळते. अशा ठिकाणी छायाचित्र पुन्हा पाहावे. तेथे तसेच असेल, तर तसेच ठेवावे. ‘पांडू’चे ‘पांडुरंग’ करणे हा आपला अधिकार नाही. उलट औपचारिक आणि घरगुती रूपांची अशी जोडी व्यक्तिनामांच्या अभ्यासकाला मोलाची असते. ओळ सरकल्याची खूण कोणती, हे भेदाच्या आकृतिबंधावरून कळते : मूळचा भेद एकाकी असतो, सरकलेल्या स्तंभात मात्र भेद सलग येतात आणि योग्य नाव वरच्या किंवा खालच्या ओळीत सापडते.

५.६ वयाचा स्तंभ आणि निष्कर्षाचे भवितव्य

वयाच्या स्तंभाला मधल्या नावासारखी गाठ नसते. तो एकटा सरकला, तर नावे आणि नातेवाईक सर्व जुळतात आणि चूक नजरेआड राहते. आपल्या अभ्यासाचे नुकसान मात्र याच चुकीने सर्वाधिक होते.

समजा, आपला प्रश्न असा आहे : स्त्रीनामातील ‘-बाई’ हे पद जुन्या पिढीत अधिक आहे काय? वरील आठ ओळींत ‘-बाई’ असलेल्या दोन स्त्रिया आहेत, सोनाबाई (५२) आणि चंद्रभागाबाई (६३). त्यांचे सरासरी वय ५७.५. ‘-बाई’ नसलेल्या दोघी, लता (२७) आणि कमल (३४). त्यांचे सरासरी वय ३०.५. अंतर २७ वर्षांचे, म्हणजे एका पिढीचे. आठ ओळींवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण शोधाची दिशा दिसते.

आता पहिले वय, ५८, उतरवायचे राहिले आणि स्तंभ एक जागा वर चढला, अशी कल्पना करा. सोनाबाई ३१ वर्षांची होते, चंद्रभागाबाई ४० ची, सरासरी ३५.५. लता २८ ची होते. पिढीचे अंतर जवळजवळ नाहीसे झाले. याचे कारण यादीच्या रचनेत आहे. यादी घरानुसार असते आणि घरात वृद्ध आणि तरुण एकाआड एक येतात. म्हणून केवळ एका ओळीच्या सरकण्याने आईचे वय सुनेच्या किंवा मुलाच्या वयाशी बदलते. शेकडो ओळींत ही चूक राहिली, तर ‘या गावात -बाईचा वयाशी संबंध दिसत नाही’ असे विधान प्रबंधात छापले जाईल, आणि प्रत्येक आकडा मूळ यादीतला असल्याने ते कोणाला खोडून काढणेही अवघड जाईल.

ही चूक ओळखण्यासाठी घरातील नात्यांचा आधार घ्यावा. सरकलेल्या तक्त्यात सोनाबाई ३१ ची आणि तिचा मुलगा अशोक २७ चा दिसतो. दिलीप तर ६३ वर्षांचा, म्हणजे वडिलांपेक्षा (आता ५२) वयस्कर. अशा विसंगती एकाच पानावर दोन-तीन घरांत दिसल्या, की वयाचा स्तंभ सरकल्याचे समजावे. एकाच घरात दिसली, तर ती मूळ यादीतील चूकही असू शकते किंवा सावत्र नात्याचा परिणामही. ती आपण दुरुस्त करायची नाही.

दुसरी खूण किमान वयाची. एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली आणि मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. म्हणून आपल्या प्रतीत १९८९ पूर्वीच्या यादीत २१ हून, किंवा नंतरच्या यादीत १८ हून कमी वय आढळले, तर तो आकडा बहुधा चुकीचा वाचला गेला आहे. अंधुक छायाचित्रात १ आणि ९ यांची शेपटी, तसेच २ आणि ३ यांच्यातील मधला वळसा सहज हरवतो. ३ आणि ६ ही तर एकमेकांची आरशातील रूपे.

यानंतरही एक चूक उरते. २१३ आणि २१५ या दोन भावांची वये, ३१ आणि २८, आपसांत बदलली गेली, तर मधले नाव जुळते, घर तेच, वडील तेच, वयेही संभाव्य. कोणतीही अंतर्गत कसोटी ही अदलाबदल पकडू शकत नाही. तेथे छायाचित्राकडे परत जाणे हाच एक उपाय, आणि छायाचित्रात ती ओळ सलग दिसत असणे ही त्याची पूर्वअट.

५.७ ओळ अखंड राहील असे छायाचित्र आणि अशी प्रत

यादी सपाट ठेवावी, शिवणीजवळचा भाग हलक्या हाताने दाबावा, आणि कॅमेरा पानाला समांतर धरावा. मथळ्याखालची छापील रेघ चौकटीच्या वरच्या कडेला समांतर आहे का, ते तेथेच तपासावे. पूर्ण पानाचे एक छायाचित्र हवेच. अक्षर फार बारीक असल्यास डाव्या व उजव्या अर्ध्या भागांची वेगळी छायाचित्रेही घ्यावीत. पण येथे एक दक्षता आवश्यक आहे. अनुक्रमांक पानाच्या डाव्या कडेला असतो. उजव्या भागाच्या छायाचित्रात तो आला नाही, तर तेथील वये आणि लिंगे निनावी होतात. म्हणून उजव्या छायाचित्रात निदान मतदाराच्या नावाचा स्तंभ यायलाच हवा.

उतरवताना छायाचित्र आधी सरळ करून घ्यावे, मग त्याच्या पाच-पाच ओळींच्या आडव्या पट्ट्या कराव्यात. कागदावर छापून घेतले असेल, तर एका जाड पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती ओळीवरून सरकवत न्यावी. प्रत्येक ओळीची सुरुवात अनुक्रमांकाने आणि शेवट वयाने करावा. पुनरुक्तिचिन्ह असेल तेथे चिन्हच लिहावे. त्याचा अर्थ, म्हणजे खरा घर क्रमांक, शेजारी वेगळ्या रकान्यात भरावा. कोरी जागा दिसली, तर ‘कोरे’ असा शब्द लिहावा, जागा मोकळी सोडू नये. वाचता न आलेल्या अक्षरासाठी [?] असे चिन्ह वापरावे. ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ अशी शंका असताना परिचित नाव निवडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अपरिचित नावच कदाचित आपल्या शोधाचा विषय असते.

संगणकावरील तक्त्यात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. नावे अकारविल्हे लावताना केवळ नावाचाच स्तंभ निवडला गेला, तर तेवढाच स्तंभ हलतो आणि बाकीचे जागेवर राहतात. उतरवताना दिवसभर सांभाळलेल्या ओळी अशा वेळी क्षणात मोडतात. म्हणून मूळ क्रमाची एक प्रत स्वतंत्र ठेवावी आणि क्रम लावताना सर्व स्तंभ एकत्र निवडावेत.

अलीकडच्या छायाचित्रासह मतदारयाद्यांत ओळीऐवजी चौकट असते. पानावर साधारणतः तीन उभ्या रांगांत ३० चौकटी असतात आणि एका मतदाराची सर्व माहिती एका चौकटीत एकाखाली एक येते. तेथे धोका उलट दिशेचा असतो : आडवे वाचत गेल्यास शेजारच्या तीन मतदारांची नावे एका ओळीत येतात. तत्त्व मात्र तेच राहते. वाचनाचा एकक आधी निश्चित करावा. तो ओळ असो वा चौकट, तो पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी एक मर्यादा. यादी सार्वजनिक असली, तरी तीतील माणसे खरी आहेत. आपल्या स्वाध्यायात पूर्ण नाव, घर क्रमांक आणि वय एकत्र देऊ नये. नावाचा अभ्यासाला आवश्यक तेवढाच घटक आणि वयाचा गट द्यावा. मूळ ओळीचा शोध घेण्यासाठी अनुक्रमांक आपल्या खासगी वहीत राहू द्यावा.

५.८ सारांश

मतदारयादीतील ओळ हे एक विधान आहे आणि ते मोडले, की अचूक शब्दांतूनही असत्य निर्माण होते. तिरपे छायाचित्र, मोडलेली नावे, कोऱ्या जागा आणि उभे उतरवण्याची सवय यांमुळे ओळी सरकतात. मराठी नावातील मधला घटक नातेवाइकाच्या रकान्याशी ताडून पाहिला, तर त्या स्तंभातील सरक सापडते. वयाची सरक घरातील नात्यांवरून ओळखता येते. भावाभावांतील अदलाबदल मात्र केवळ मूळ छायाचित्रावरूनच कळते.

५.९ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एका प्रतीत सलग सहा ओळींत मधले नाव आणि नातेवाइकाचे नाव जुळत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी योग्य नातेवाईक खालच्या ओळीत सापडतो. नोंद गळाली आहे की वाढली आहे?
२. ५.४ मधील मूळ तक्त्यात लिंगाचा स्तंभ एक जागा वर सरकला, तर संबंधाच्या रकान्याच्या आधारे ती चूक कोणत्या ओळीत प्रथम लक्षात येईल?

उत्तरे

१. नोंद वाढली आहे. जास्तीच्या नोंदीमुळे पुढील नावे एक जागा खाली ढकलली गेली, म्हणून प्रत्येक मतदाराचा नातेवाईक त्याच्या खालच्या ओळीत दिसतो. नोंद गळाली असती, तर तो वरच्या ओळीत दिसला असता.
२. २१२ मध्ये. सरकल्यावर २११ पुढे ‘स्त्री’ येते. ‘व’ हा संबंध स्त्रीलाही लागू होत असल्याने केवळ संबंधावरून तेथे विसंगती दिसत नाही. २१२ पुढे मात्र ‘पु’ येते आणि संबंध ‘प’ म्हणजे पती असल्याने चूक उघड होते.

५.१० उपक्रम

आपल्या घरातील जुन्या शिधापत्रिकेचे किंवा लग्नातील आहेराच्या यादीचे छायाचित्र मुद्दाम थोडे तिरपे घ्या. त्यातील वीस ओळी आधी उभ्या आणि नंतर आडव्या उतरवा. दोन्ही प्रती मूळ कागदाशी ताडून पाहा, आणि पहिली चूक कोणत्या ओळीत झाली व ती किती ओळींपर्यंत पसरली, हे नोंदवा.